पिन काढली की बंद: दोष मोटरचा नव्हे, सेलचा

पिन लावली की चालतो आणि पिन काढली की बंद पडतो, अशा ट्रिमरविषयी एका गृहस्थांनी अलीकडे चारचौघांत ठाम निकाल दिला. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि त्यातल्या एकाने घरी जाऊन आपले मशीन भंगारात टाकले, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: अशा ट्रिमरची मोटर थकलेली असते. थकलेल्या मोटरला जास्त जोर लागतो, तो अ‍ॅडॉप्टर पुरवू शकतो, सेल पुरवू शकत नाही. सेल मात्र चांगलाच असतो, कारण मीटर लावला की तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. तेव्हा फार तर चोवीस तास चार्जिंगला लावून पाहावे, नाहीतर मोठा अ‍ॅडॉप्टर जोडावा, आणि तेही जमले नाही तर मशीन फेकावे.

यातले एकही विधान टिकत नाही.

किरकोळ मुद्दे आधी उरकतो. चोवीस तासांचे चार्जिंग हा उपाय नव्हे. वाळलेल्या सेलमध्ये त्याने पाणी परत येत नाही, उलट उरलेसुरलेही जाते. मोठा अ‍ॅडॉप्टर जोडणे हा निव्वळ धोका आहे. साध्या ट्रिमरमध्ये व्होल्टेज आवरणारे काही नसते, सेल तापतो आणि मोटर जळते. पात्यांत केस अडकले किंवा तेल संपले तर मोटर जास्त करंट ओढते, हे खरे. पण मग पाती साफ करून दोन थेंब तेल सोडावे आणि पुन्हा पाहावे. पाती मोकळी करूनही पिनेशिवाय मशीन हलत नसेल, तर पात्यांचा विषय संपला.

आता मुख्य मुद्दा. ‘मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, म्हणजे सेल चांगला’ या वाक्याने आजवर जितकी चांगली मशीने कचऱ्यात गेली, तितकी दुसऱ्या कोणत्याही समजुतीने गेली नसतील. मीटर सेलकडून जवळजवळ काहीच मागत नाही. त्याचा स्वतःचा रोध लाखो ओहमचा, त्यामुळे त्यातून वाहणारा करंट नगण्य. ज्याच्याकडे काहीच मागितले नाही, त्याची ऐपत कशी कळणार? ट्रिमरची मोटर सुरू होताना एक-दोन अँपिअर मागते. सेलची परीक्षा त्या क्षणी होते.

प्रत्येक सेलच्या पोटात थोडा रोध असतोच. निकेल-मेटल हायड्राइडच्या नव्या AA मापाच्या सेलमध्ये तो ओहमच्या काही शतांशांइतका असतो. सेल म्हातारा होतो तसा हा रोध वाढत जातो. अति चार्जिंगमुळे आत वायू तयार होतो, तो झडपेतून बाहेर पडतो आणि त्याबरोबर पाणी जाते. दोन पट्ट्यांमधला विभाजक कोरडा पडतो. रसायन बरेचसे शाबूत असते, म्हणून रिकाम्या मोजणीत व्होल्टेज नीट दिसते. पण करंट वाहून नेणारा मार्गच आटलेला असतो. रात्रभर, रोज, चार्जिंगवर टांगून ठेवलेल्या मशीनच्या सेलची हीच गत होते, आणि सलूनमधली मशीने नेमकी तशीच टांगलेली असतात.

आमच्या भागातल्या एका सलूनमधला ट्रिमर मी उघडून पाहिला, त्याचेच उदाहरण घेऊ. आत 1.2 व्होल्टचा एकच सेल. मशीन बंद ठेवून मीटर लावला, 1.26 व्होल्ट. आमचे गृहस्थ इथेच थांबतात आणि मोटरला दोषी ठरवतात. पिन न लावता, मीटर तसाच ठेवून बटण दाबले. मोटर जरा थरथरली आणि अडली, मीटर 0.38 व्होल्टवर आला. यावर ते म्हणतील की मोटरनेच सेलला खाली ओढले. ठीक आहे, मोटर बाजूला काढू. सेलची एक पट्टी सोडवली आणि त्याच्या दोन टोकांना 2.2 ओहमचा, 2 वॅटचा रेझिस्टर जोडला. ही किरकोळ वस्तू इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळते. मीटर 0.77 व्होल्टवर उतरला. आता इथे मोटर नाही, पाती नाहीत, स्विच नाही. व्होल्टेज कोणी खाल्ले?

हिशेब शाळेतला आहे. 1.26 ला 0.77 ने भागले तर सुमारे 1.64 येतात. त्यातून 1 वजा करून 2.2 ने गुणले की 1.4 ओहम मिळतात. हा सेलच्या पोटातला रोध. चांगल्या सेलमध्ये तो 0.03 ओहम धरला, तर त्याच रेझिस्टरवर मीटर 1.24 च्या आसपास राहिला असता, म्हणजे जेमतेम दोन शतांश व्होल्ट उतरला असता. इथे तो अर्धा व्होल्ट उतरला. त्या मोटरच्या वेटोळ्यांचा रोध सुमारे 0.6 ओहम होता. अशा सेलवर तिला सुरुवातीला 0.63 अँपिअरपेक्षा जास्त करंट मिळणे शक्यच नव्हते. चांगल्या सेलवर तो 2 अँपिअर मिळाला असता. मोटर थकलेली नव्हती, तिला लागणारा करंटच मिळत नव्हता. बाहेरून वायर लावून चार्ज केलेला दुसरा सेल जोडताच ती खणखणीत फिरली.

आणि मुळात हे सगळे मोजण्याआधीच ट्रिमरने स्वतः साक्ष दिलेली होती. पिन लावल्यावर तो पूर्ण जोराने चालतो, याचा अर्थ अ‍ॅडॉप्टर ठीक, पिनेचे सॉकेट ठीक, स्विच ठीक, मोटर ठीक. पिन काढल्याने या यादीतला एकही भाग बदलत नाही. बदलतो तो फक्त पुरवठा. साध्या मशीनमध्ये अ‍ॅडॉप्टर आणि सेल हे दोघे समांतर जोडलेले असतात आणि दोघे मिळून मोटरला देतात. पोटात दीड ओहम घेऊन बसलेला सेल त्या जोडीत असून नसल्यासारखा; अ‍ॅडॉप्टर एकट्याने काम ओढतो. ज्या लक्षणाने मोटर निर्दोष ठरते, तेच लक्षण तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडायचे, हा तर्क मला अजिबात मान्य नाही.

हा वाद नवा नाही. स्कूटरच्या बॅटरीवरून तो कितीदा झाला आहे! 12.6 व्होल्ट दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच कोसळते आणि दोष स्टार्टरच्या माथी मारला जातो. ‘मेमरी’चा वादही तसाच. अर्धवट वापरून चार्ज केले की सेल ‘शिकतो’ आणि तेवढेच देतो, असे अजूनही हिरिरीने सांगितले जाते. तो परिणाम जुन्या निकेल-कॅडमियम सेलमध्ये विशिष्ट परिस्थितीत दिसला होता. पूर्ण उतरवून चार्ज केल्यावर जातो. आटलेल्या सेलशी त्याचा संबंध नाही, आणि लिथियमच्या सेलला तर तो प्रश्न नाहीच. तरीही लिथियमचे मशीन मुद्दाम पूर्ण उतरवून महिनोन्महिने खणात टाकणारे लोक आहेत. सेल स्वतःहून आणखी उतरतो, 2.5 व्होल्टच्या खाली जातो आणि कायमचा निकामी होतो. हे त्या उपदेशाचे फळ.

लिथियमच्या मशीनमध्ये दोष ओळखणे आणखी सोपे आहे. चार्जिंगला लावताच थोड्याच वेळात दिवा हिरवा होतो आणि पिन काढली की मिनिटभरात खेळ आटोपतो. कारण तेच. चार्जिंगचा करंट वाढलेल्या रोधातून जाताना सेलच्या टोकांवरचे व्होल्टेज लगेच 4.2 ला पोचते. त्यानंतर चार्जर करंट कमी करत जातो आणि तो ठरलेल्या मर्यादेखाली गेला की ‘भरला’ असे समजून थांबतो. भरलेले काहीच नसते.

माझ्या म्हणण्याला मर्यादा आहेत, त्या लपवण्याचे कारण नाही. सेल घेण्यास तयार असतो, पण त्याला मिळत नाही, असेही घडते: पट्टीचा टाका सुटलेला असतो किंवा सेलमधून झिरपलेल्या क्षाराने संपर्क खाल्लेला असतो. अशा वेळी पांढरट-हिरवट पूड दिसते. ओळखायचे असे: चार्जिंग सुरू करताच सेलच्या टोकांवरचे व्होल्टेज एकदम उडी मारते, तर सेल आटलेला, ते तसूभरही हलत नाही, तर मार्ग तुटलेला. काही मशीनचा अ‍ॅडॉप्टर इतका दुबळा असतो की सेल मेल्यावर पिन लावूनही मोटर फिरत नाही. सेल आतून शॉर्ट झाला तरी तेच होते. पाण्यात चालणारे काही शेव्हर तर सुरक्षिततेसाठी पिन लावल्यावर मुद्दामच चालत नाहीत. अशा मशीनला ही कसोटी लावू नये. आणि ज्या जुन्या शेव्हरची वायर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये जाते, त्याच्या आत 230 व्होल्ट असतात. तो उघडा असताना पिन लावायचीच नाही.

मग करायचे काय? वॉरंटी असेल तर मशीन कंपनीकडे द्यावे. नसेल तर जुन्याच जातीचा, त्याच मापाचा, पट्ट्या आधीच जोडलेला सेल आणावा, कारण सेलवर थेट सोल्डर केले तर उष्णतेने नवाच सेल खराब होतो. धन-ऋण टोके काढण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावीत. AA मापाचाच 14500 नावाचा लिथियम सेल मिळतो आणि तो नेमका त्याच जागेत बसतो, तो 1.2 व्होल्टच्या मशीनमध्ये कधीही घालू नये. तो 3.7 व्होल्टचा असतो आणि निकेलचा चार्जर त्याला वेळेवर थांबवत नाही. आग लागू शकते. झाकणाचे रबर नीट बसले नसेल तर ते मशीन पुन्हा पाण्याखाली धरू नये. काढलेला सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता बॅटरी किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावा. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसारही तो वेगळाच द्यायचा आहे.

त्या सलूनमधला ट्रिमर नव्या सेलवर पुन्हा पिनेशिवाय चालतो आहे, त्याच जुन्या मोटरवर. तेव्हा पिन काढल्यावर बंद पडणारे मशीन भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी वाचकांनी एवढे करावे: सेलवर भार टाकून व्होल्टेज मोजावे, आणि बिनभाराच्या आकड्यावर मोटरला दोष देणाऱ्याचे ऐकू नये.