गृहव्यवहार : शेवटचे दूध, पहिले दूध

यात्रेची तयारी घरोघरी बारकाईने होते. तिकिटे, धर्मशाळेतील खोल्या, पूजेची वस्त्रे, वाटेतला कोरडा फराळ, दुकानाच्या किल्ल्या कोणाकडे राहणार, या सर्वांची यादी होते. दुधाच्या रतिबाचे मात्र बहुधा निघण्याच्या पहाटे आठवते, आणि दारात आलेल्या मुलाला सांगितले जाते, ‘‘आठ-दहा दिवस दूध नको रे.’’ तो मान हलवून पुढच्या दाराकडे जातो. महिनाअखेरीस हिशेबाला बसताना या एका वाक्यातून दोन घरांत दोन वेगवेगळे आकडे निघतात.

रतीब हा न लिहिलेला करार आहे. गवळ्याने रोज ठरलेल्या वेळी ठरलेले माप घालावे आणि गिऱ्हाईकाने ते घ्यावे, यावर तो चालतो. दुकानातील माल आज खपला नाही तर उद्या खपेल. म्हशीचे दूध तसे थांबत नाही. घर बंद असले तरी म्हैस तेवढेच दूध देते. दोन लिटरचे गिऱ्हाईक अकरा दिवस नसेल, तर गवळ्याला बावीस लिटर दुधाची दुसरी सोय पाहावी लागते. चार-पाच दिवस आधी कळले, तर तो लग्नघरी, एखाद्या मिठाईवाल्याला किंवा वाढीव दूध मागणाऱ्या दुसऱ्या घरी शब्द देऊ शकतो. त्याच पहाटे कळले, तर ते दूध मिळेल त्या भावाने द्यावे लागते किंवा विरजून टाकावे लागते. पिशवीचे दूध टाकणाऱ्याची अडचण थोडी निराळी असते. दुसऱ्या दिवशी किती पिशव्या हव्यात, ते त्याला वरच्या वितरकाकडे आदल्या दिवशीच नोंदवावे लागते. नोंद गेली की पिशव्या त्याच्या नावावर पडतात.

म्हणून निरोपाची वेळ हा त्यातला पहिला भाग. गवळ्याला चार ते पाच दिवस आधी कळवावे. पिशवीवाल्याला दोन दिवस आधी, आणि तेही त्याची नोंद जाण्यापूर्वी, कळवावे. नोंद कधी जाते हे त्याला एकदा विचारून ठेवले म्हणजे पुरे. डबेवाल्या बाईंची भाजी आदल्या दिवशी आणलेली असते आणि कडधान्य रात्रीच भिजत घातलेले असते. त्यांनाही आदल्या दुपारपूर्वी कळायला हवे. याहून उशिरा कळवले, तर त्या दिवसाच्या दुधाचे अथवा डब्याचे पैसे घरानेच द्यावेत. माल आपल्यासाठी घेतला गेला आणि निरोपाला उशीर आपल्याकडून झाला. तो तोटा न सांगता दुसऱ्याच्या पदरात टाकणे अदत्तादानाच्या फारच जवळ जाते.

दुसरा भाग तारखांचा. खरी चूक येथेच होते. ‘9 ते 19 दूध बंद’ हे वाक्य वाचायला स्पष्ट वाटते. पण 19 तारखेला दूध घालायचे की नाही? लिहिणाऱ्याच्या मनात 19 हा बंदचा शेवटचा दिवस असतो. वाचणारा समजतो की 19 तारखेपर्यंत बंद, म्हणजे 19 पासून सुरू. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात, आणि दोन लिटर दूध कुलूप लावलेल्या दाराशी उभे राहते. ‘दहा दिवस नको’ यात निघण्याचा दिवस धरला की नाही, हे कळत नाही. ‘पौर्णिमा झाली की सुरू करा’ असे लिहिणाऱ्या घरातली तिथी सूर्योदयाने ठरते आणि क्षय-वृद्धीच्या वेळी ती घरोघर वेगळी धरली जाऊ शकते. गवळ्याच्या वहीत मात्र तारीखच असते.

यावर उपाय साधा आहे. बंदचा काळ सांगण्याआधी दोन सकाळी सांगाव्यात : शेवटचे दूध कोणत्या सकाळी आणि पहिले दूध कोणत्या सकाळी. या दोन्ही दिवशी दूध प्रत्यक्ष दारात येणार असते, त्यामुळे ‘धरून की वगळून’ हा प्रश्न उरत नाही. तारखेसोबत वार लिहावा. चुकून 20 च्या जागी 21 लिहिले गेले, तर वार जुळत नाही आणि वाचणारा विचारतो. व्यापारी घरांना ही रीत नवी नाही. जुन्या हुंडीत रक्कम आकड्यात लिहून, पुन्हा तिची निम्मी रक्कम सांगून ‘तिची दुप्पट’ असे लिहीत, म्हणजे एक आकडा बिघडला तरी दुसरा त्याला पकडत असे. वार तेच काम करतो. शेवटी खाड्यांची संख्या लिहिली की तिसरी पडताळणीही होते.

एक उदाहरण सविस्तर पाहू. पुण्यातील पाच जणांचे कुटुंब सम्मेदशिखरजीच्या यात्रेला निघाले आहे. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी. पहाडाची वंदना सुमारे 27 किलोमीटरची, त्यामुळे वृद्धांसाठी मधुबनात विश्रांतीचे दोन दिवस अधिक ठेवले आहेत. गुरुवार, 8 जानेवारी 2026 रोजी संध्याकाळी निघायचे आणि रविवार, 18 जानेवारीला रात्री घरी पोहोचायचे, असा बेत आहे. घरी रोज सकाळी दोन लिटर म्हशीचे दूध येते.

निघण्याच्या सकाळी दूध हवे, पण दोन लिटर नको. संध्याकाळी घर बंद होणार, साय-विरजणाचे काही राहू नये, म्हणून त्या दिवशी एकच लिटर. परतीचा विचार अधिक काळजीने करावा लागतो. गाडी वेळेवर आली तर सोमवारी 19 तारखेला सकाळी घरात दूध लागेल. परंतु जानेवारीत उत्तरेकडे दाट धुके पडते आणि गाड्या कित्येक तास रखडतात. रविवारी रात्रीची गाडी सोमवारी दुपारी आली, तर सकाळचे दूध दाराशी पडून राहील. दूध वेळेत गाळून तापवण्याचा ज्या घरात नेम आहे, त्या घरी असे पडून राहिलेले दूध कोणी वापरणार नाही. ते ओतून टाकणे हीदेखील विराधनाच. म्हणून पहिल्या दुधाचा दिवस पोहोचण्याच्या बेतापेक्षा एक सकाळ पुढे, मंगळवार 20 जानेवारी ठेवावा. सोमवारी सकाळी पोहोचलेच असतील, तर एका दिवसाचे दूध जवळच्या दुकानातून आणता येते.

शनिवार, 3 जानेवारीला पाठवण्याचा निरोप असा होईल :

‘‘नमस्कार दादा. बी इमारत, 302 मधून लिहीत आहोत. आम्ही काही दिवस बाहेरगावी आहोत.
शेवटचे दूध : गुरुवार, 8 जानेवारी सकाळी, फक्त 1 लिटर.
पहिले दूध : मंगळवार, 20 जानेवारी सकाळी, नेहमीप्रमाणे 2 लिटर.
मधले 11 दिवस (शुक्रवार 9 ते सोमवार 19, दोन्ही धरून) खाडे.
डिसेंबरचे पैसे बुधवारी 7 तारखेला देतो. वहीत लिहून घेतले की ‘लिहिले’ एवढे कळवा.’’

या निरोपातील प्रत्येक ओळीला कारण आहे. घराचा क्रमांक पहिल्या ओळीत आहे, कारण गवळ्याच्या यादीत एकाच आडनावाची चार घरे असतात आणि निरोप कोणाच्या भ्रमणध्वनीवरून येईल हे ठरलेले नसते. कुठे जातो हे लिहिलेले नाही. गवळ्याला तारखा हव्या असतात, ठिकाण नव्हे. घर किती दिवस बंद आहे हे जितक्या कमी लोकांना कळेल तितके बरे. त्याच कारणाने दारावर ‘20 तारखेपर्यंत दूध नको’ अशी चिठ्ठी लावू नये. दाराशी साचलेल्या पिशव्या आणि दारावरची चिठ्ठी, दोन्ही चोराला एकच गोष्ट सांगतात.

पैशांची ओळ विसरू नये. बहुतेक घरे मागच्या महिन्याचा हिशेब पहिल्या दहा दिवसांत चुकता करतात. 8 तारखेला निघालेले घर 20 तारखेला भेटले, तर डिसेंबरच्या 62 लिटरचे पैसे गवळ्याला तीन आठवडे मिळत नाहीत. म्हशीची सरकी-पेंड मात्र त्याला रोख घ्यावी लागते.

‘लिहिले’ हे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. निरोप पाठवला म्हणजे पोहोचला असे नाही, आणि वाचला म्हणजे वहीत गेला असेही नाही. दूध घालायला येणारा मुलगा आणि वही ठेवणारा मालक ही बहुधा दोन माणसे असतात. निरोप मालकाकडे जायला हवा. मुलाला तोंडी सांगणे ही केवळ आठवण. सोमवारी 5 तारखेपर्यंत उत्तर आले नाही, तर दूरध्वनी करावा.

पुन्हा सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी आणखी एक ओळ पाठवावी लागते. अकरा दिवस एक दार टाळून जाणाऱ्या मुलाला ते टाळण्याची सवय लागते. वहीतली तारीख त्याच्या पायांना ठाऊक नसते. सोमवारी संध्याकाळी ‘‘302 : उद्या मंगळवार, 20 तारीख, दूध सुरू, 2 लिटर’’ एवढे पुरते. गाडी रखडून कुटुंब अजून वाटेतच असेल, तर त्याच संध्याकाळी ‘‘पहिले दूध आता बुधवार, 21 जानेवारी’’ असे कळवता येते. जुन्या तारखेच्या जागी नवी तारीख ठेवावी. ‘एक दिवस पुढे ढकला’ असे लिहिल्यास कोणत्या दिवसापासून पुढे, हा गोंधळ पुन्हा उभा राहतो.

आता जानेवारीचा हिशेब. 20 तारखेलाच दूध सुरू झाले असे धरू. 1 ते 8 तारखेपर्यंत आठ दिवस आणि 20 ते 31 पर्यंत बारा दिवस, असे वीस दिवस दूध आले. दोन लिटरप्रमाणे 40 लिटर, त्यातून 8 तारखेचे एक लिटर वजा, म्हणजे 39 लिटर. लिटरला 80 रुपये भाव धरला, तर 3,120 रुपये. उलट बाजूने पाहिले तरी हाच आकडा येतो : पूर्ण महिन्याचे 62 लिटर, खाड्यांचे 22 आणि 8 तारखेचे एक, असे 23 वजा. घरातील दिनदर्शिकेवर 9 ते 19 या चौकोनांत ‘खाडा’ आणि 8 च्या चौकोनात ‘1’ लिहून ठेवले असेल, तर दोन्ही वह्या समोरासमोर ठेवता येतात.

त्या वहीत एखादा दिवस जास्त लागलेला निघाला, तर जुना निरोप उघडून दाखवावा. आणि आपल्या दिनदर्शिकेवर खाडा असलेल्या एखाद्या सकाळी शेजाऱ्यांनी आपल्या नावाने दूध घेतले होते असे कळले, तर गवळ्याने मागण्याआधी त्या दोन लिटरचे 160 रुपये हिशेबात धरावेत.