पुढचा चार्जर चालू आहे!

एस.टी. महामंडळाची दोन घोषवाक्यं महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ आहेत. एक ‘गाव तिथे एस.टी.’ आणि दुसरं ‘हात दाखवा, एस.टी. थांबवा’. पहिलं पसारा सांगतं. दुसरं मात्र चक्क वचन देतं, आणि ते खरं की खोटं हे रस्त्यावर उभं राहून पाच मिनिटांत कळतं. मित्रांनो, इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग नेटवर्कला हायवेवरच्या प्रवाशासाठी घोषवाक्य हवं असेल, तर ते दुसऱ्या जातीचं हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘इतके हजार चार्जर’ किंवा ‘चिंता सोडा, बिनधास्त निघा’ अशा ओळींनी कुणाची चिंता जात नाही. का, ते हिशोबानेच बघू.

पुणे ते वडगाव निंबाळकर हाच प्रवास घ्या. दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा करत साधारण 90 किलोमीटर धरू. जाऊन-येऊन 180. गाडी 2020 साली आलेली पहिली नेक्सॉन ईव्ही, बॅटरी 30.2 युनिटची. कागदावरची रेंज 312 किलोमीटर. म्हणजे काळजीचं कारणच नाही! पण ही 312 ठरावीक चाचणीतली, जिथे वेग 90 च्या वर जातच नाही आणि सरासरी तर शहरातल्या ट्रॅफिकसारखी. एसी लावून, चार माणसं बसवून मोकळ्या रस्त्यावर पळालो, तर किलोमीटरला 150 वॅट-अवर सहज लागतात. मग रेंज उरते 200.

घाटाला लोक उगाच घाबरतात. 1700 किलोची भरलेली गाडी 250 मीटर वर चढवायला साधारण सव्वा युनिट जास्त लागतं, आणि उतरताना त्यातलं थोडं बॅटरीत परतही येतं. खरा खाऊ आहे वेग. 80 ऐवजी 100 ने गेलं, की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो.

तर 200 पैकी 180 गेले, उरले 20. गाडी घरी पोचेल, पण परतताना मागच्या सीटवरून आजी म्हणाली, “आलोच आहोत तर मोरगावच्या गणपतीला जाऊन येऊ,” की ड्रायव्हरची नजर देवाच्या आधी मीटरकडे जाते. चिंता म्हणतात ती हीच.

आता चार्जर. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर 25 किलोमीटरला एक स्टेशन असावं असं म्हटलं होतं. समजा सगळ्या रस्त्यांवर तसं झालं. पुढचा चार्जर नक्की चालू आहे असा विश्वास असेल, तर मी 25 किलोमीटरची शिल्लक ठेवून गाडी चालवेन. विश्वास नसेल, तर त्याच्या पुढच्या चार्जरपर्यंतची म्हणजे 50 ची शिल्लक ठेवावी लागेल. ही झाली साडेसात युनिट, पाव बॅटरी! म्हणजे एक भरवशाचा चार्जर प्रत्येक गाडीची रेंज 25 किलोमीटरने वाढवतो, तेही बॅटरीला हात न लावता.

मग ॲप आहेच की, असं कुणी म्हणेल. पण ॲपवरचा हिरवा ठिपका एवढंच सांगतो की मशीन सर्व्हरशी बोलतंय आणि गन मोकळी आहे. ती गन खरंच करंट देते का, पेमेंट अडकतं का, हे त्या ठिपक्याला ठाऊक नसतं. यावर साधा उपाय आहे : तिथे शेवटची गाडी किती वाजता चार्ज झाली ते दाखवा. सकाळी 10:40 ला एक गाडी भरून गेली असेल, तर अकरा वाजता माझीही भरेल अशी आशा ठेवायला जागा आहे. दोन दिवसांत एकही गाडी भरली नसेल, तर हिरवा ठिपका असूनही मी सावध होईन.

म्हणून माझं घोषवाक्य : ‘पुढचा चार्जर चालू आहे!’ यमक नाही, कबूल. पण नीरेच्या अलीकडे पाटीवर हे वाक्य, खाली अंतर, गन किती आणि शेवटची वेळ एवढं दिसलं, की ड्रायव्हरचा खांदा सैल पडतो. 25 किलोवॅटच्या चार्जरवर वीस मिनिटांत आठेक युनिट येतात, म्हणजे पन्नास किलोमीटर. चहा होईपर्यंत मोरगाव खिशात!

यात कंपनीला धोका आहे. चार्जर बंद पडला, लाईट गेली, की पाटीही त्याच मिनिटाला बदलावी लागेल, आणि एका जागी एकच गन ठेवून हे वचन पाळता येणार नाही, किमान दोन लागतील. जाहिरात विभागाला असली ओळ आवडणार नाही, कारण ती पाळायचं काम मेंटेनन्सच्या माणसांवर येतं. रांगेचाही प्रश्न आहेच. ‘वाट पाहीन, पण एस.टी.नेच जाईन’ असं एस.टी.बद्दल प्रेमाने म्हटलं गेलं. एकुलत्या एका गनसमोर तिसऱ्या नंबरवर उभा असलेला माणूस चार्जरबद्दल तसं म्हणेल, असं मला तरी वाटत नाही.