दुवा लांब, निरोप थोडका

घरच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप-गटावर आपण कळकळीने पाठविलेला निरोप कोणी वाचलाच नाही, असा अनुभव पुष्कळांना आला असेल. दोष दर वेळी वाचणाऱ्यांचा नसतो. कित्येकदा निरोपाच्या वाटेत एक लांबलचक दुवा, म्हणजे आपली नेहमीची लिंक, आडवी पडलेली असते.

एक उदाहरण घेऊ. जबलपुरास राहणाऱ्या एका मामांची भाची शिक्षणासाठी पुण्यास निघाली आहे. मराठी विकिपीडियावरील 'पुणे' हा लेख तिने आधी वाचावा, या हेतूने मामांनी पत्ता उचलून निरोपाच्या आरंभीच चिकटविला. तो असा दिसला :

```
https://mr.wikipedia.org/wiki/%E0%A4%AA%E0%A5%81%E0%A4%A3%E0%A5%87
```

'पुणे' या शब्दात संगणकाच्या लेखी प, उकार, ण आणि एकार अशी 4 चिन्हे आहेत. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइटांत साठविले जाते आणि दुव्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाची 9 आणि चारांची 36 अक्षरे झाली. 'महाराष्ट्र' असते, तर ती 90 झाली असती! अनोळखी दुवा दाबू नये, हे शिकलेल्या भाचीने तो न उघडताच सोडून दिला, यात नवल ते काय?

यावर आखूड दुवा करून देणाऱ्या सेवेचा आश्रय घेऊ नये. तीत मूळ स्थळाचे नावच झाकले जाते आणि संशय वाढतो. त्यापेक्षा `https://mr.wikipedia.org/wiki/` एवढा भाग ठेवून पुढे 'पुणे' हा शब्द हाताने देवनागरीत लिहावा. मात्र पाठविण्यापूर्वी तो आपण स्वतः उघडून पाहावा; काही ठिकाणी दुवा देवनागरी अक्षरापाशीच तुटतो. तसे झाल्यास मूळ लांब दुवाच बरा, परंतु त्याची जागा बदलावी :

```
बाळ, शनिवारी निघण्यापूर्वी पुण्याचा इतिहास
वाचून ठेव. मराठी विकिपीडियावरचा 'पुणे' हा
लेख खाली देत आहे.
— मामा

https://mr.wikipedia.org/wiki/पुणे
```

येथे निरोप आधी पुरा झाला, दुवा कोठे नेतो हे शब्दांत सांगितले गेले आणि दुवा शेवटी, स्वतंत्र ओळीवर आला. त्याला पूर्णविराम वा कंस चिकटण्याचेही भय उरले नाही. लांब दुवा मात्र मध्ये तोडून दोन ओळींत लिहू नये; पुढचा भाग निकामी होतो.

आणखी एक सावधगिरी सांगतो. दुव्यातील प्रश्नचिन्हापुढे `utm_` ने आरंभ होणारे शेपूट केवळ वाचक कोठून आला याची नोंद ठेवण्यासाठी असते. ते खुशाल छाटावे. परंतु यूट्यूबच्या दुव्यातील `v=` आणि त्यापुढील अक्षरे ही चित्रफितीची खूणच होय. ती गेली, की दुवाही गेला.