‘करण्यात आले’चा कैवार कशासाठी?

प्रबंधाच्या भाषेची बाजू घेणारे विद्वान एक गोष्ट ठासून सांगतात: प्रबंध म्हणजे वर्तमानपत्रातला लेख नव्हे, त्याची भाषा भारदस्तच हवी. ‘निवडले’ लिहिले की ते गप्पा मारल्यासारखे वाटते आणि ‘निवड करण्यात आली’ लिहिले की संशोधन वाटते, असे त्यांचे म्हणणे. विद्यार्थ्याने वाक्य छाटून आणले तर ‘ही शैक्षणिक भाषा वाटत नाही’ असा शेरा मारून ते पुन्हा फुगवायला लावणारे मार्गदर्शकही आहेत. या पक्षाचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. त्यातला एक आक्षेप तर चांगलाच वजनदार आहे. त्याच्याकडे येईनच, पण आधी हलके आक्षेप बाजूला करतो.

पहिला आक्षेप वस्तुनिष्ठतेचा. ‘मी प्रश्नावली वाटली’ म्हटले की संशोधक मध्ये येतो आणि ‘प्रश्नावलीचे वाटप करण्यात आले’ म्हटले की तो दूर राहतो, कारण वाक्य कर्मणी होते, असे सांगितले जाते. हे सांगणाऱ्यांनी शाळेतले व्याकरण एकदा पुन्हा चाळावे. ‘संशोधकाने प्रश्नावली वाटली’ या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. प्रश्नावली असेल तर ‘वाटली’, तक्ते असतील तर ‘वाटले’. म्हणजे ते वाक्य मुळातच कर्मणी आहे! भूतकाळात सकर्मक क्रियापद आले की मराठी ही सोय आपसूक करते. ‘कडून’ आणि ‘गेले’ लावून केलेल्या रचनेला आपली व्याकरणाची पुस्तके नवीन कर्मणी म्हणतात आणि ती इंग्रजीच्या वळणाची असल्याचेही सांगतात. शिवाय मराठीत कर्ता गाळायला परवानगी लागत नाही. ‘पहिल्या भेटीत प्रश्नावली वाटली, दुसऱ्या भेटीत गोळा केली’ या वाक्यात ‘मी’ कुठे आहे? संशोधकाला अदृश्य करायला एवढे पुरते.

पण त्याला अदृश्य करावेच का? ‘मुलाखती घेण्यात आल्या.’ कोणी घेतल्या? संशोधकाने स्वतः, की गावातल्या शिक्षकांनी, की दोन सहायकांनी? शाळा सोडलेल्या मुलीने अनोळखी बाईला दिलेले उत्तर आणि त्याच शाळेच्या मास्तरांना दिलेले उत्तर एकच असेल, असे धरून चालता येत नाही. बहिःस्थ परीक्षक नेमका हाच प्रश्न तोंडी परीक्षेत विचारतात. म्हणजे ‘घेण्यात आल्या’ने वस्तुनिष्ठता वाढली नाही, उलट पद्धतीतली एक महत्त्वाची माहिती गिळली गेली.

दुसरा आक्षेप नम्रतेचा. ‘असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही’, ‘या ठिकाणी हे नमूद करणे क्रमप्राप्त ठरते’ ही वाक्ये म्हणे विद्वानाचा विनय दाखवतात. खरे म्हणजे ती विनय दाखवतच नाहीत. आपले विधान कुठवर खरे आहे हे सांगणे, हा संशोधकाचा विनय. ‘हा निष्कर्ष पाहिलेल्या गावांपुरता आहे’ यात विनय आहे. ‘वावगे ठरणार नाही’ यात विधानाची मर्यादा तसूभरही कळत नाही. ते नुसते खाकरणे झाले. तिसरा आक्षेप पानांचा: छाटले तर प्रबंधाची पाने भरत नाहीत. त्यावर मी फार वेळ घालवत नाही. ज्याला पाने हवीत त्याने गावांचे वर्णन वाढवावे, वाचक दुवा देईल.

आता वजनदार आक्षेप. तो असा: ‘तुम्ही छाटणी म्हणता, पण छाटताना अर्थ बदलतो.’ हे खरे आहे, बदलतो. म्हणूनच एक परिच्छेद हातात घेऊन बघू. मुलींच्या शालेय गळतीवरच्या प्रबंधाचे चौथे प्रकरण आहे असे समजा. पुढची वाक्ये मी नमुन्यादाखल रचली आहेत. पण ज्याने अशी प्रकरणे वाचली आहेत, त्याला ती ओळखीची वाटतील.

‘प्रस्तुत संशोधनाच्या अनुषंगाने असे निदर्शनास येते की, निवडण्यात आलेल्या गावांमधील मुलींच्या बाबतीत इयत्ता आठवीनंतर शाळा सोडण्याचे प्रमाण हे मोठ्या प्रमाणात असल्याचे दिसून आले आहे.’

शब्द 24. ‘प्रस्तुत संशोधनाच्या अनुषंगाने’ काढा, कारण प्रकरण याच संशोधनाचे आहे. ‘निदर्शनास येते’ आणि ‘दिसून आले आहे’ ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, आणि खाली तक्ता असेल तर दोन्ही नकोत. ‘निवडण्यात आलेल्या’चे ‘निवडलेल्या’ करा. ‘मुलींच्या बाबतीत’ला ‘मुलींचे’ पुरते. ‘प्रमाण हे मोठ्या प्रमाणात’ याबद्दल काही बोलायलाच नको. इथे उत्साहाच्या भरात कोणी लिहील, ‘निवडलेल्या गावांत बऱ्याच मुली आठवीनंतर शाळा सोडतात.’ वाक्य सात शब्दांचे आणि कानाला गोड, पण चुकीचे. ‘प्रमाण’ म्हणजे एकूण मुलींपैकी किती, आणि ‘बऱ्याच’ म्हणजे नुसती संख्या. मोठ्या गावात संख्या मोठी असूनही प्रमाण कमी असू शकते. म्हणून ‘प्रमाण’ हे नाम ठेवायचे: ‘निवडलेल्या गावांत आठवीनंतर शाळा सोडणाऱ्या मुलींचे प्रमाण मोठे आहे.’ नऊ शब्द, अर्थ तोच. आता वाक्य उघडे पडल्यावर दिसते की ‘मोठे’ म्हणजे किती, हे लेखकाने सांगितलेलेच नाही. 24 शब्दांच्या पांघरुणाखाली ते दिसत नव्हते. ते सांगायचे काम मात्र लेखकाचे, छाटणाऱ्याचे नव्हे.

दुसरे वाक्य: ‘माध्यमिक शाळेच्या अंतरामध्ये असलेली वाढ हे याचे प्रमुख कारण असल्याचे पालकांसोबत घेण्यात आलेल्या मुलाखतींच्या माध्यमातून स्पष्ट होते.’

सतरा शब्द. इथे घाई करणारा लिहितो, ‘माध्यमिक शाळा लांब असल्यामुळे मुली शाळा सोडतात.’ आक्षेप घेणारे नेमके याच ठिकाणी बोट ठेवतात, आणि त्यांचे बरोबर आहे. ‘प्रमुख’ गळले, म्हणजे इतर कारणांची शक्यताच संपली. पालक गळले, म्हणजे त्यांचे म्हणणे हा संशोधकाचा सिद्धान्त झाला. त्यापेक्षा असे लिहावे: ‘माध्यमिक शाळा लांब पडते, हे याचे मुख्य कारण असल्याचे पालकांनी मुलाखतींत सांगितले.’ हे बारा शब्द होतात.

तरीही दोन गाठी उरतात आणि त्या छाटणाऱ्याला सोडवता येत नाहीत. ‘मुलाखतींच्या माध्यमातून स्पष्ट होते’ म्हणजे पालक तसे म्हणाले, की त्यांच्या उत्तरांवरून संशोधकाने तसे ताडले? मूळ वाक्यात दोन्ही अर्थ बसतात. मी ‘सांगितले’ लिहिले ते पहिला अर्थ धरून. दुसरा अर्थ असेल तर ‘पालकांच्या उत्तरांवरून दिसते’ असे लिहावे लागेल, आणि ते ‘दिसते’ मग पाल्हाळ ठरत नाही, तो निष्कर्षाचा आवश्यक भाग होतो. दुसरी गाठ ‘अंतरामध्ये असलेली वाढ’. शाळा मुळातच लांब आहे, की आठवीपर्यंतची शाळा गावात आणि नववीची दुसऱ्या गावात, म्हणून आठवीनंतर अंतर वाढते? ‘वाढ’ या नामाने दोन्ही शक्यता एकाच पिशवीत घातल्या. क्रियापद वापरायला गेलात की काय, केव्हा आणि कोणासाठी वाढले हे सांगावेच लागते. अशा वेळी समासात प्रश्न लिहून प्रकरण लेखकाकडे परत पाठवावे. अंदाजाने वाक्य सोपे करणे म्हणजे दुसऱ्याच्या प्रबंधात आपले संशोधन घुसडणे.

तेव्हा आक्षेपाचे उत्तर असे की अर्थ बदलतो तो छाटल्यामुळे नाही, न विचारता छाटल्यामुळे. आणि ज्या वाक्याला छाटताना अर्थ ठरवावा लागतो, त्याचा अर्थ आधीही ठरलेला नव्हता.

आता थोडे माझ्याच पक्षातल्या अतिउत्साही मंडळींविषयी. इंग्रजी लेखनाच्या पुस्तकांत नामांची क्रियापदे करा असा उपदेश असतो, तो उचलून काहीजण मराठीत प्रत्येक नामावर कुऱ्हाड चालवतात. मराठीत ‘अभ्यास करणे’, ‘सर्वेक्षण करणे’, ‘विश्लेषण करणे’ हीच आपली क्रियापदे आहेत. त्यांच्या जागी एकेरी क्रियापद शोधत बसलात तर ‘अभ्यासणे’पर्यंत कसेबसे पोहोचाल आणि पुढे अडाल. माझा साधा नियम आहे. नामाला ‘करणे’ लागले की तो एक थर झाला, तो चालतो. ‘सर्वेक्षण करण्याची प्रक्रिया पार पाडण्यात आली’ यात थरावर थर आहेत, वरचे सगळे उचलून ‘सर्वेक्षण केले’वर थांबायचे. आणि जिथे मराठीचे घरचे क्रियापद तयारच आहे, तिथे तो एक थरही नको: निवडणे, तपासणे, वाटणे, मोजणे, नोंदवणे. यालाही अपवाद आहे. ‘यादृच्छिक नमुना निवड’ ही संज्ञा आहे, तिला हात लावायचा नाही. ‘गळती’ही तशीच. मागच्या वाक्यात मुलींनी शाळा सोडल्याचे सांगून झाले की पुढचे वाक्य ‘ही गळती’ म्हणून सुरू करता येते, कारण ते नाम सगळी मागची हकिकत उचलून पुढे नेते. ते काढले तर वाक्य वाढेल.

वाक्ये तोडणारेही याच पंक्तीतले. ‘म्हणून’, ‘तरी’, ‘कारण’ उडवून एका वाक्याची तीन करायची आणि सोपे केले म्हणायचे! विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली निबंधमाला सुरू केली, तिच्यात पल्लेदार वाक्यांची रेलचेल आहे. पण त्या वाक्यांची लांबी उपवाक्यांची आहे, प्रत्येक उपवाक्य काही सांगते. फुगलेले वाक्य आणि लांब वाक्य यांत गल्लत करू नये.

आणखी एक धोका यंत्राचा. फुगवट्याचे शब्द मोजकेच असल्यामुळे वर्डमध्ये Ctrl+F दाबून ‘करण्यात’, ‘अनुषंगाने’, ‘माध्यमातून’, ‘असल्याचे’ शोधणे सोयीचे जाते, आणि मीही तसेच करावे म्हणतो. मात्र Replace All ला हात लावू नये. गळतीच्या प्रबंधात ‘मराठी माध्यमातून शिकलेल्या मुली’ नक्कीच असणार, आणि तिथले ‘माध्यमातून’ उडाले तर मुलींचा एक अख्खा गट नाहीसा होईल. मुलाखतीतले शब्दशः उतारेही शोधात सापडतील. एखादा सरपंच खरोखरच ‘आमच्या पंचायतीच्या माध्यमातून’ म्हणाला असेल, तर तो फुगवटा त्याचा आहे आणि अवतरणचिन्हांत तसाच राहिला पाहिजे. म्हणून एकेक जागा थांबून पाहायची, बदललेले वाक्य त्याच्या तक्त्याशेजारी ठेवून वाचायचे, आणि तक्त्यात नसलेले काही वाक्यात आले असेल किंवा तक्त्यातले काही वाक्यातून गळले असेल, तर जुने वाक्य परत आणायचे.