बटण दाबलं, पण निरोप गेलाच नाही

मंडळी, गेल्या शनिवारची गोष्ट. बाबांचा डबा घेऊन अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या शेडवर गेलो होतो. रात्री दहाला बाइकवर परत निघताना ॲपल वॉच अल्ट्राचं नारिंगी बटण दाबलं. त्यावर मी शॉर्टकट लावलाय: `Get Current Location`, मग `Send Message`. आईला ‘निघालो’ आणि नकाशाची लिंक जाते. मनगटावर टिकटिक झाली, मी किक मारली...

घरी पोचलो तर आई गॅलरीत उभी! निरोप गेलाच नव्हता. `Send Message` मध्ये `Show When Run` चालू होतं, म्हणून घड्याळ ‘पाठवू का?’ असं विचारत बसलं आणि मी हेल्मेट चढवत होतो.

माझं मत स्पष्ट आहे. जे बटण उलट प्रश्न विचारतं ते बटणच नव्हे. ते ऑप्शन बंद करा. शिवाय पहिल्यांदा चालवताना लोकेशनची आणि निरोप पाठवायची परवानगी मागतं, ती घरबसल्या देऊन टाका. पत्र्याखाली जीपीएस नीट मिळत नाही, त्यामुळे मी आता गेटबाहेर येऊन दाबतो. आईकडे आयफोन नाही, म्हणजे निरोप एसएमएसने माझ्या फोनमार्फत जातो. फोन घरी विसरलो की त्यावर भरवसा नाही. (घराचं कुलूप उघडायचा शॉर्टकट मात्र या बटणावर नको रे बाबा, बाहीत अडकूनही दाबलं जातं!)

असो. काल रात्री आईचाच फोन आला, “मिळालं रे, ये सावकाश.”