"चार वर्षं घरीच होता का?"

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली. त्यानंतर चार वर्षं मी सुटी कामं केली. २०२४ मध्ये एका संस्थेत जनसंपर्काच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो, तर पहिलाच प्रश्न हा. पीएफ २०२० ला थांबलेला, म्हणजे माणूसही थांबला, असा सरळ हिशोब!

राग आला. पण घरी येऊन बायोडाटा वाचला तर चूक माझीही होती. "विविध संस्थांसाठी लेखन" एवढी एकच ओळ. यातून समोरच्याला काय कळणार?

मग सगळं नव्यानं लिहिलं. वर एकच मथळा: "स्वतंत्र पत्रकार व संपादक, जून २०२० ते ऑगस्ट २०२४". त्याखाली फक्त मोठी तीन कामं. त्यातलं एक असं: "वाळूजमधील सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचं त्रैमासिक, जानेवारी २०२१ ते जून २०२४. १६ पानी १४ अंक. मुलाखती, संपादन, प्रूफ आणि छापखान्याशी समन्वय. पहिल्या अंकात कामगारांचे २ लेख होते, शेवटच्या अंकात ९." कंपनीचं नाव सांगायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून नुसतं वर्णन दिलं. कंपनीची विक्री वाढली असेलही, पण ती माझ्यामुळे वाढली असं लिहिलं नाही. दुसऱ्या प्रश्नालाच पितळ उघडं पडलं असतं.

वडिलांच्या आजारपणात पाच महिने दुसरं काही घेतलं नाही, तेवढा एक अंक काढला. तेही लिहिलं. मथळा एक केला तो अशी खिंडारं लपवायला नव्हे.

आता पुरावा. सॅलरी स्लिप नाही, अनुभव प्रमाणपत्र नाही. पण कंपनी बिलातून दहा टक्के टीडीएस कापायची. तो प्राप्तिकराच्या फॉर्म २६-एएस मध्ये कलम १९४-जे खाली, कंपनीच्या नावानं, तारखेसह दिसतो. मात्र तेव्हा एका ठिकाणाहून वर्षाला तीस हजारांपर्यंतच पैसे मिळाले, तर टीडीएस कापणं बंधनकारक नव्हतं. अशी छोटी कामं तिथे बहुधा सापडत नाहीत. त्यासाठी बिलाची स्थळप्रत आणि बँकेतली नोंद जोडली. हे कागद मुलाखतीत वाटायचे नाहीत, पडताळणीच्या वेळी मागितले तरच दाखवायचे. त्यात आपला पॅन असतो आणि इतर ग्राहकांचे आकडेही.

पुढच्या मुलाखतीत विचारलं, "१४ अंकांपैकी उशिरा किती निघाले?" म्हटलं, "दोन." आणि का ते सांगितलं. नोकरी लागली.

माझं म्हणणं एवढंच. आपल्याकडे वार्ताहर, फोटोग्राफर, डीटीपीवाले वर्षानुवर्षं बिलावर राबतात. नोकरी देणाऱ्यांनो, पीएफचा उतारा बघा, पण त्यावरच माणूस रिकामा ठरवू नका. आणि आपल्या मंडळींनो, जुन्या बिलांची फाइल रद्दीत घालू नका!