‘नाही जमलं तरी चालेल’? खरंच चालेल?

तिसऱ्या वर्षाला असताना एका सरांना मी व्हॉट्सअॅपवर मेसेज केला होता. तो अजून फोनमध्ये आहे. ‘सॉरी सर, डिस्टर्ब करतेय. फक्त एक विचारायचं होतं. मला वाटतं, कदाचित मला एक रेकमेंडेशन लेटर लागेल. वेळ असेल तर बघा प्लीज. नाही जमलं तरी चालेल. सॉरी अगेन.’

दोन निळ्या टिक्स आल्या, उत्तर आलं नाही. इंटर्नशिपच्या अर्जाची तारीख निघून गेली. चार दिवसांनी सर कॉरिडॉरमध्ये भेटले आणि सहज म्हणाले, “अगं, तूच लिहिलं होतंस ना, नाही जमलं तरी चालेल? मला वाटलं, घाई नाहीये.”

राग सरांचा यायला हवा होता, आला स्वतःचा. कारण सरांनी मेसेज अगदी बरोबर वाचला होता. ‘कदाचित लागेल’ असं मी लिहिलं, पण ते नक्की लागणार होतं. ‘चालेल’ असं लिहिलं, पण अजिबात चालणार नव्हतं. नम्रपणाच्या नादात मी चक्क खोटी माहिती दिली होती. आणि जी खरी माहिती हवी होती, म्हणजे पत्र कशासाठी आणि कधीपर्यंत, ती त्या पाच ओळींत कुठेच नव्हती.

पुढच्या वेळी मी दुसरं टोक गाठलं. सगळे ‘सॉरी’ काढले आणि दुसऱ्या मॅडमसाठी टाइप केलं : ‘मॅडम, गुरुवारपर्यंत लेटर पाठवा.’ मैत्रिणीने पाठवण्याआधी वाचलं आणि म्हणाली, “तू काय त्यांची बॉस आहेस का?”

मग कळलं, की गडबड ‘सॉरी’ काढल्यामुळे झाली नव्हती, ‘पाठवा’मुळे झाली होती. मराठीत आदर क्रियापदात बसलेला असतो. ‘पाठवा’ ही आज्ञा. ‘पाठवाल का?’ ही विनंती. ‘तुम्ही’ आणि हा ‘-आल का’ एवढ्यावर नम्रपणाचं काम होतं. त्याच्या पुढेमागे तीनदा माफी मागितली, तर आदर वाढत नाही, फक्त मुद्दा खाली सरकतो. इंग्रजी मेलमध्येही तेच. ‘कुड यू’ने विचारलं की प्रश्न आधीच नम्र असतो, मग ‘आय जस्ट वॉन्टेड टु आस्क’ कशाला?

शेवटी गेलेला मेसेज असा होता : ‘नमस्कार मॅडम. एका इंटर्नशिपच्या अर्जासाठी मला तुमचं शिफारसपत्र हवं आहे. अर्जाची शेवटची तारीख २० आहे. गुरुवारपर्यंत द्याल का? बायोडेटा आणि तुमच्याकडे केलेल्या प्रोजेक्टची माहिती सोबत जोडली आहे. या आठवड्यात शक्य नसेल तर उद्यापर्यंत कळवाल का? म्हणजे मला दुसऱ्या सरांना विचारता येईल.’

यात नकार द्यायची वाट आहे, पण ती खरी आहे. मॅडम ‘नाही’ म्हणाल्या असत्या तर पुढे काय करायचं, हे मला माहीत होतं. आणि त्यांचा वेळ वाचवला तो जोडलेल्या कागदांनी. माझ्या सॉरीने तो कधीच वाचला नसता.

म्हणून असे सगळेच शब्द फेकून द्यायचे असं नाही. पाठवण्याआधी एकेक शब्द झाकून वाक्य वाचा. अर्थ बदलला नाही, तर तो काढा. बदलला, तर ठेवा. असाइनमेंट दोन दिवस उशिरा देताय? मग ‘सॉरी’ हवंच, एकदा. आकडा तपासलेला नाही? मग ‘मला वाटतं’ हेच प्रामाणिक आहे. फक्त शंका नेमकी कशाबद्दल आहे तेही सांगा : ‘तारीख नक्की आहे, हॉलची खात्री करायची आहे.’ आणि ‘जरा पेन देता का?’ मधला ‘जरा’ राहू द्या. तो बोलण्यातला गोडवा आहे, कुणाचीही दिशाभूल करत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. अशी भाषा आपण हौसेने शिकत नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ यांनी १९७५ सालच्या पुस्तकात लिहिलं, की मुलींना असं बिचकत बोलायला शिकवलं जातं आणि मग तशा बोलतात म्हणून त्यांना कमी लेखलं जातं. ओबार आणि अॅटकिन्स यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या कोर्टातल्या साक्षी तपासल्या, तेव्हा पुरुष साक्षीदारही असं बोलताना सापडले. त्यांचा निष्कर्ष असा, की याचा संबंध बाई-पुरुष असण्यापेक्षा समाजातल्या स्थानाशी जास्त आहे. म्हणजे ज्याला आपण खालच्या पायरीवर आहोत असं वाटतं, तो जास्त बिचकतो. विद्यार्थी म्हणून आपली पायरी कुठली, हे वेगळं सांगायला नको.

पायरी एका मेसेजने बदलत नाही. पण समोरच्याला तारीख तरी कळते. मॅडमचं पत्र बुधवारीच आलं.